तांबड्या रश्शाच्या डब्यावरचा हळदीचा डाग : प्लास्टिक न बिघडवता आणि वास न ठेवता तो कसा काढावा

रविवारच्या मटणातला उरलेला तांबडा रस्सा प्लास्टिकच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवला, की दुसऱ्या दिवशी डबा रिकामा करताना रस्सा जिथपर्यंत होता तिथे एक पिवळी-केशरी रेघ उमटलेली दिसते. घासून धुतल्यावर ती किंचित फिकी होते, पण जात नाही, आणि झाकण उघडले की लसणाचा वासही तसाच येतो. कोल्हापुरात शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी नव्याने येऊन खोली करून राहणाऱ्या मुलामुलींच्या डब्यांची ही अवस्था मी वारंवार पाहते. बहुतेक जण पहिल्याच दिवशी कडकडीत पाणी आणि तारेची घासणी घेतात, आणि या दोन गोष्टींनीच डबा कायमचा खराब होतो. म्हणून इथे एकच डबा धरून सगळी कृती क्रमाने सांगते. डबा पांढरा, एक लिटरचा, झाकणात रबरी रिंग असलेला. त्यात रविवारी रात्रीपासून सोमवारी रात्रीपर्यंत तांबडा रस्सा होता.

डाग नेमका कुठे बसलेला असतो

हळदीला पिवळा रंग देणाऱ्या घटकाला कर्क्युमिन म्हणतात. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र चांगला विरघळतो. आपल्या रश्शावर तेलाचा जो तवंग असतो, त्यात हळदीचा पिवळा आणि चटणीतल्या मिरचीचा तांबडा असे दोन्ही रंग उतरलेले असतात. डब्याचे प्लास्टिक तेलाला जवळ करणाऱ्या जातीचे असल्यामुळे हे रंगीत तेल त्याच्या पृष्ठभागावर नुसते चिकटत नाही, तर थोडे आतही मुरते. प्लास्टिक जितके गरम, तितके ते सैल पडते आणि रंग तितका खोल जातो. त्यामुळे उकळता रस्सा डब्यात ओतणे, डबा तसाच मायक्रोवेव्हमध्ये ठेवणे आणि डाग पडल्यावर त्यावर कडकडीत पाणी ओतणे या तिन्ही गोष्टींचा परिणाम एकच होतो.

कर्क्युमिनचे आणखी दोन स्वभाव आपल्या घरात सर्वांना माहीत असतात, फक्त ते डब्याशी जोडलेले नसतात. हळदीत चुना मिसळला की ती लाल होते, पारंपरिक कुंकू त्यातूनच तयार होत असे. म्हणजे क्षार लागला की हळदीचा रंग लालसर होतो आणि आंबट लागले की पुन्हा पिवळा होतो. दुसरे असे, की हळदीने माखलेले कपडे उन्हात वाळत घातले की डाग फिका पडतो, कारण प्रकाशात कर्क्युमिन मोडते. डबा साफ करण्याची सगळी रीत या दोन गोष्टींवर आणि तेलावर उभी आहे. आधी तेल काढायचे, मग रंग मोडायचा आणि शेवटी वास घालवायचा. हा क्रम उलटा केला, तर तेलाच्या थराखाली रंगापर्यंत काहीच पोचत नाही.

सुरुवातीला डबा उलटा करून पाहावा

डब्याच्या तळाशी त्रिकोणात एक आकडा असतो. जेवणाचे बहुतेक जाड, थोडे धुरकट दिसणारे डबे ५ आकड्याचे, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचे असतात आणि पुढची सगळी कृती त्यांना चालते. २ आकड्याचे डबेही मजबूत असतात. बाहेरून आलेल्या खाऊचे पातळ, काचेसारखे पारदर्शक डबे अनेकदा १ आकड्याचे असतात. ते गरम पाण्याने वेडेवाकडे होतात, म्हणून त्यांना साध्या पाण्यानेच धुवावे. ७ आकड्याखाली अनेक प्रकार येतात, त्यांतला एक म्हणजे कडक, चकचकीत पॉलिकार्बोनेट. त्याला स्पिरिट आणि तीव्र क्षार दोन्ही लावू नयेत, कारण त्याने आत बारीक तडे जातात. झाकण मात्र पुष्कळदा डब्याहून वेगळ्या, मऊ प्लास्टिकचे असते आणि तेच जास्त डाग धरते, तेव्हा झाकणावरचा आकडा स्वतंत्रपणे पाहावा.

त्यानंतर डागावरून नख फिरवावे. पृष्ठभाग गुळगुळीत लागला तर डाग निघण्याची आशा चांगली आहे. नखाला खरखर लागली, खड्डे पडल्यासारखे वाटले, तर रश्शावरचे तेल मायक्रोवेव्हमध्ये तापून त्याने प्लास्टिकच भाजलेले असते. उकळत्या पाण्याचे तापमान १०० अंशांवर थांबते, पण तेलाचे त्याहून वर जाऊ शकते, म्हणून हे खड्डे नेमके तवंगाच्या रेघेवर पडतात. अशा जागेतला रंग पूर्ण निघत नाही, आणि त्या खड्ड्यांत अन्न अडकत राहते, म्हणून तो डबा जेवणासाठी वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या उदाहरणातला डबा गुळगुळीत होता.

पहिली पायरी : तेलाने तेल काढणे

डबा रिकामा झाल्यावर लगेच नळाखाली धरू नये. आधी टिश्यू पेपरने किंवा जुन्या सुती फडक्याने आतले सगळे तेल कोरडेच पुसून घ्यावे. एवढ्यानेही पुढचे काम निम्मे होते.

त्यानंतरची गोष्ट नव्या माणसाला विचित्र वाटते: डागावर चमचाभर स्वच्छ शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे तेल लावावे. कर्क्युमिन तेलात विरघळते, त्यामुळे ताजे, रंग नसलेले तेल प्लास्टिकच्या वरच्या थरातला रंग स्वतःकडे ओढून घेते. कापसाच्या बोळ्याने दोन-तीन मिनिटे हळुवार गोल फिरवून तेल लावावे, पंधरा मिनिटे तसेच राहू द्यावे आणि स्वच्छ बोळ्याने पुसून घ्यावे. आमच्या डब्यावरचा पहिला बोळा झेंडूच्या पाकळीसारखा केशरी झाला, दुसरा फिकट पिवळा आणि तिसरा जवळजवळ पांढरा राहिला. बोळ्याला रंग येणे थांबले, की या पायरीने जेवढे निघणार तेवढे निघाले असे समजावे. चौथ्यांदा, पाचव्यांदा तेल लावून काही मिळत नाही.

आता भांडी घासण्याचे पातळ साबण पाणी न घालता थेट तेलकट प्लास्टिकवर ओतावे आणि बोटांनी किंवा मऊ स्पंजने सगळीकडे चोळावे. पाणी आधी घातले तर साबण पातळ होऊन तेलाला नीट धरत नाही. चोळून झाल्यावर हाताला सहज सोसेल इतके कोमट पाणी घालून धुवावे आणि हेच पुन्हा एकदा करावे. साबण लावताना पिवळा डाग एकाएकी लालसर दिसू लागला तर घाबरू नये. साबणातल्या क्षाराने हळदीचा रंग बदलला आहे, डाग वाढलेला नाही.

तेल गेले की नाही हे पाण्याच्या थेंबांवरून ठरवू नये, कारण या प्लास्टिकवर तेल नसतानाही पाणी थेंबाथेंबानेच राहते. ओल्या भिंतीवरून बोट दाबून फिरवावे. करकर आवाज आला तर तेल गेले, बोट गुळगुळीत सरकले तर साबणाचा आणखी एक हात हवा.

या पायरीत तारेची घासणी, नारळाचा काथ्या, राख किंवा खरखरीत पावडर अजिबात वापरू नये. त्यांनी डाग फिका झाल्यासारखा वाटतो, पण प्लास्टिकचा वरचा थर खरवडला जाऊन शेकडो बारीक चरे पडतात. पुढच्या वेळचे तेल आणि वास त्या चऱ्यांत शिरून बसतात, आणि असा डबा आमटीच्या एका वाटीनेही पिवळा होतो.

दुसरी पायरी : ऊन

तेल गेल्यावर जो पिवळा उरतो, तो प्लास्टिकच्या आत मुरलेला असतो आणि तिथे साबण पोचत नाही. प्रकाश मात्र पोचतो. त्यामुळे या डागावर उन्हाइतके सौम्य आणि चांगले औषध माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

डबा स्वच्छ पुसून, झाकण बाजूला काढून, गच्चीवर एखाद्या फिक्या कापडावर ठेवावा. दुपारी तापलेल्या कोब्यावर तो थेट टेकवू नये. उभ्या डब्यात ऊन एकाच भिंतीवर पडते आणि समोरची भिंत सावलीत राहते, म्हणून डबा आडवा करून डाग उन्हाकडे करावा आणि दर दीड-दोन तासांनी फिरवावा. झाकणाची आतली बाजू वर करून ठेवावी. गच्ची नसेल तर खिडकीच्या काचेआडही हे होते, फक्त वेळ जास्त लागतो.

आमचा डबा मंगळवारी सकाळी दहाला गच्चीवर गेला. एप्रिलचा महिना होता. संध्याकाळपर्यंत रेघेच्या दोन्ही कडा विरल्या, बुधवारी संध्याकाळी ती तिरपी धरून पाहिल्यावरच दिसू लागली आणि गुरुवारी दुपारी तळाच्या एका कोपऱ्यातला पुसटसा पिवळेपणा सोडला तर डबा पांढरा झाला. मिरचीचा केशरी रंगही प्रकाशात मोडतो, म्हणून तोही याबरोबरच गेला.

डागावर लिंबू चोळून डबा उन्हात ठेवावा असे बरेच जण सांगतात. मी एकसारखी डागाळलेली दोन झाकणे शेजारी ठेवून, एकाला लिंबू लावून आणि एकाला न लावता हे करून पाहिले; दोन्ही सारखीच फिकी झाली. आंबटाने हळदीचा रंग मोडत नाही, तो पिवळाच राहतो. काम ऊन करते. लिंबाने राहिलेला साबण आणि थोडा वास जातो, तेवढ्यासाठी ते लावायला हरकत नाही.

उन्हालाही मर्यादा आहे. महिनोन्महिने उन्हात राहिलेली प्लास्टिकची बादली जशी कडेने तुटू लागते, तसे डब्याचेही होऊ शकते. दोन-चार दिवसांत काही बिघडत नाही, परंतु चार दिवसांनंतरही रंग हलला नाही तर डबा आठवडेच्या आठवडे गच्चीवर सोडून देऊ नये. हाताला खडूसारखी पांढरी भुकटी लागणे किंवा कडेला केसासारख्या बारीक रेघा दिसणे ही प्लास्टिक मोडत चालल्याची खूण आहे, आणि तसा डबा अन्नासाठी बाद करावा.

पावसाळ्यात काय करावे

कोल्हापूरचा पावसाळा मोठा असतो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत सलग तीन दिवस ऊन मिळेल याचा भरवसा नाही. ढगाळ उजेडातही रंग उतरतो, पण फार सावकाश, आणि तोपर्यंत डब्याची गरज लागते. अशा वेळी ५ किंवा २ आकड्याच्या डब्यासाठी औषधांच्या दुकानात मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड वापरता येते. बाटलीवर टक्के लिहिलेले असतात ते वाचावेत. आपल्याला ३ टक्क्यांचे हवे, म्हणून बाटली ६ टक्क्यांची असेल तर त्यात तेवढेच साधे पाणी मिसळावे. हातात रबरी मोजे घालावेत, कारण त्वचेला ते झोंबते आणि कातडी पांढरी पडते. डोळ्यांपासून आणि मुलांपासून ते लांब ठेवावे.

नुसते ओतले तर ते भिंतीवरून खाली घरंगळते आणि डाग कोरडाच राहतो. टिश्यू पेपरची दुहेरी पट्टी त्यात भिजवून डागावर चिकटवावी आणि डबा खिडकीजवळ उजेडात ठेवावा. अर्ध्या तासाने पट्टी उचलून पाहावे, कोरडी वाटल्यास पुन्हा भिजवावी, आणि तासाभराने डबा भरपूर पाण्याने धुवावा. गरज वाटल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा करावे. या काळात झाकण घट्ट लावू नये, कारण पेरॉक्साइड मोडताना वायू सुटतो. तसेच त्यात व्हिनेगर मिसळू नये. दोन्ही एकत्र आल्यावर तीव्र, त्वचेला आणि श्वासाला अपायकारक द्रव तयार होतो. पेरॉक्साइडचे शेवटी पाणी आणि ऑक्सिजन होत असल्यामुळे मागे कसला वास राहत नाही, आणि मला ते पसंत पडण्याचे मुख्य कारण हेच आहे.

कपड्यांच्या ब्लीचनेही हळदीचा रंग जातो, हे खरे आहे. तरीही जेवणाच्या डब्यासाठी मी ते सुचवत नाही. त्याचा वास रबरी रिंगेत आणि चऱ्यांत दिवसेंदिवस राहतो, म्हणजे लसणाचा वास घालवून क्लोरीनचा घेतल्यासारखे होते. शिवाय कोणी घाईत त्यात व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करण्याचे आम्ल मिसळले तर विषारी वायू सुटतो.

तिसरी पायरी : वास

डाग गेला म्हणजे वास गेला असे होत नाही. कांदा-लसणातले गंधकयुक्त घटक प्लास्टिकमध्ये आणि त्याहून जास्त झाकणाच्या रिंगेत मुरतात. म्हणून सुरुवात रिंगेपासून करावी. चमच्याच्या मागच्या, बोथट टोकाने ती एका जागी उचलावी आणि बोटांनी सगळीकडून ओढून काढावी. सुरी किंवा सुई वापरली तर रिंग चिरते आणि डबा गळू लागतो. पहिल्यांदा रिंग काढणाऱ्याला खाचेत साचलेला तपकिरी, चिकट मळ पाहून धक्काच बसतो. पुष्कळदा सगळा वास त्या मळाचाच असतो. जुन्या, मऊ टूथब्रशला साबण लावून खाच आणि रिंग दोन्ही स्वच्छ करावीत.

त्यानंतर एक लिटर कोमट पाण्यात पोहे खाण्याच्या चमच्याने चार सपाट चमचे खाण्याचा सोडा विरघळवावा, डबा काठोकाठ भरावा आणि रात्रभर ठेवावा. झाकण आणि रिंग वेगळ्या पातेल्यात याच पाण्यात बुडवावीत. धुण्याचा सोडा ही वेगळी आणि खूप तीव्र वस्तू आहे, तो इथे वापरू नये. सकाळी उरलेला पुसट डाग तांबूस झालेला दिसला, तर तेवढी हळद अजून पृष्ठभागाजवळ आहे आणि एखाद्या दिवसाच्या उन्हाने ती जाईल. डाग पिवळाच राहिला तर तो खोलवरचा आहे, किंवा हळदीचा नसून मिरचीच्या तेलाचा आहे. सोड्याचे पाणी प्लास्टिकच्या आत शिरत नाही आणि मिरचीचा रंग क्षाराने लाल होत नाही.

सोड्याचे पाणी फेकून डबा धुवावा आणि एक वाटी व्हिनेगरमध्ये चार वाट्या पाणी या प्रमाणात मिसळलेले पाणी मिनिटभर खळखळवून ओतून द्यावे. त्याने सोड्याचा अंश जातो आणि तांबूस डाग पुन्हा पिवळा होतो. सोडा आणि व्हिनेगर एकाच वेळी एकत्र मात्र घालू नयेत. फेस छान येतो, परंतु दोन्ही एकमेकांना मारून टाकतात आणि हातात जवळजवळ साधे खारट पाणी उरते.

शेवटी डबा, झाकण आणि रिंग वेगवेगळी ठेवून चोवीस तास हवेशीर जागी वाळवावीत. पावसाळ्यात पंख्याखाली ठेवावीत. ओलसर डब्याला झाकण लावले, की आधीचा वास गेला तरी कुबट वास नव्याने येतो, आणि साफ करण्यात चूक झाली असे उगीच वाटत राहते.

वास गेला का, हे उघड्या डब्याला नाक लावून कळत नाही. कोरडा डबा रिंग आणि झाकण लावून रात्रभर बंद ठेवावा आणि सकाळी उठल्याबरोबर, चहा किंवा फोडणीचा वास घरात पसरण्यापूर्वी, उघडून हुंगावा. आमच्या डब्याला रविवारी सकाळी लसणाचा बारीक वास होताच. झाकण काढून वेगळे हुंगल्यावर कळले, की डबा स्वच्छ आहे आणि वास एकट्या रिंगेला आहे. ती आणखी दोन रात्री सोड्याच्या पाण्यात राहिली, एक दिवस उन्हात वाळली आणि बुधवारी पुन्हा बंद करून ठेवलेल्या डब्यातून गुरुवारी सकाळी कसलाच वास आला नाही. रिंगेचा वास एवढ्यानेही गेला नाही आणि त्या मापाची नवी रिंग मिळत असेल तर ती बदलावी. तळाच्या कोपऱ्यातला पुसट पिवळेपणा आम्ही तसाच ठेवला. त्या डब्यात आता कापलेली भाजी ठेवतो, आणि उरलेला रस्सा स्टीलच्या डब्यात जातो.